एसटीचे विलीनीकरण का झाले नाही : महामंडळ आणि शासकीय विभाग यांतील फरकाचा एक प्रकरण अभ्यास

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवले आणि ऐन दिवाळीत राज्यातील एकेक आगार बंद पडत गेले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारे २५० आगारांपैकी जवळपास सर्व ठप्प झाली होती. संपाची सुरुवात महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि वेळेवर पगार या मागण्यांनी झाली. भत्त्यांबाबतची मागणी पहिल्या काही दिवसांतच बऱ्याच अंशी मान्य झाली, तरीही संप मिटला नाही; कारण तोवर मागणी बदलली होती. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, आम्हाला शासकीय कर्मचारी म्हणा, हीच एक मागणी उरली होती. वेतनवाढीच्या मागणीने सुरू झालेला लढा अशा रीतीने संस्थेच्या कायदेशीर स्वरूपावरचा लढा झाला, आणि कायद्याने स्थापन झालेले वैधानिक महामंडळ व साधा शासकीय विभाग यांच्यात नेमका काय फरक असतो, हा एरवी लोकप्रशासनाच्या वर्गात अडकून पडलेला प्रश्न सुमारे ९० हजार कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न बनला.

या प्रकरणाचा अभ्यास करताना माझ्यासमोर एकच प्रश्न आहे. विभाग आणि महामंडळ यांतील फरक कागदावर स्वायत्तता, निधी आणि उत्तरदायित्व या तीन बाबींनी सांगितला जातो. एसटीच्या बाबतीत यांपैकी कोणती बाब खरोखर अस्तित्वात होती, आणि कर्मचाऱ्यांनी विलीनीकरण मागितले तेव्हा ते वास्तविक काय मागत होते?

एकाच मंत्र्याखालच्या दोन संस्था

हा फरक समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. परिवहनमंत्र्यांच्या अखत्यारीत दोन संस्था शेजारी शेजारी चालतात. एक म्हणजे परिवहन आयुक्तांचे कार्यालय, ज्याची जिल्ह्यातली शाखा आपण आरटीओ म्हणून ओळखतो. दुसरी म्हणजे एसटी. आरटीओ हा शासनाचा सरळ विभाग आहे. तो वाहन कर, नोंदणी शुल्क, दंड अशा रूपाने दरवर्षी मोठा महसूल गोळा करतो, पण त्यातला एक रुपयाही त्याला स्वतःहून खर्च करता येत नाही. जमा झालेली रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जाते, आणि कार्यालयाचा खर्च विधिमंडळाने मंजूर केलेल्या मागणीतून, ठरलेल्या लेखाशीर्षाखाली, कोषागारामार्फत होतो. वर्षात न खर्चलेली रक्कम ३१ मार्चला व्यपगत होते. याच्या बदल्यात त्या कार्यालयातील लिपिकाचा पगार त्या महिन्यात किती गाड्यांची नोंदणी झाली यावर अवलंबून राहत नाही.

एसटीचे गणित याच्या अगदी उलट आहे. वाहकाने दिवसभरात गोळा केलेले पैसे आगारात जमा होतात, तेथून बँकेत जातात, आणि त्याच पैशातून डिझेल, टायर, सुटे भाग आणि पगार भागवायचे असतात. मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० या केंद्रीय कायद्यानेच महामंडळाला स्वतःचा स्वतंत्र निधी दिला आहे. विधिमंडळाच्या मंजुरीची वाट न पाहता खर्च करता यावा, आज बिघडलेली गाडी उद्या रस्त्यावर आणता यावी, यासाठी ही रचना आहे. वाहतुकीच्या धंद्याला ती आवश्यकच आहे, कारण टायर फाटण्याचा आणि पुरवणी मागण्या मंजूर होण्याचा मेळ बसत नाही.

या दोन रचनांमधला भेद मार्च २०२० नंतर सर्वांना दिसला. टाळेबंदीत नव्या वाहनांची नोंदणी जवळपास थांबली आणि एसटीच्या फेऱ्याही थांबल्या. उत्पन्न दोघांचेही आटले. आरटीओतील कर्मचाऱ्यांचे वेतन मात्र राज्याच्या तिजोरीतून निघत राहिले; एसटीच्या कर्मचाऱ्यांचे वेतन त्यांच्याच तिकिटांच्या पैशातून येणारे असल्याने ते रखडले. त्या वर्षी एसटीचे चालक-वाहक स्थलांतरित मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचवत होते, मुंबईत बेस्टच्या मदतीला गाड्या चालवत होते, म्हणजे शासनाने सांगितलेले काम करत होते. काम शासनाचे आणि पगार मात्र तिकिटावर, ही विसंगती त्यांना तेव्हा जितकी बोचली तितकी त्यापूर्वी कधी बोचली नसावी. पगार महिनोन्महिने थकले, काही कर्मचाऱ्यांनी जीवन संपवले, आणि शासनाने विशेष अर्थसाह्य देऊन थकबाकी भागवली. विलीनीकरणाच्या मागणीचे मूळ मला या काळात दिसते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वेतन मिळावे म्हणून २०१७च्या दिवाळीतही चार दिवसांचा संप झाला होता, पण तेव्हा तुलना वेतनाच्या आकड्याची होती. २०२१मध्ये तुलना पगाराच्या खात्रीची झाली.

स्वायत्तता : कायद्यात किती, हातात किती

१९५०च्या कायद्याचे कलम २२ म्हणते की महामंडळाने आपला उद्योग व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. कलम १८ म्हणते की राज्यात कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र वाहतूक व्यवस्था उत्तरोत्तर उपलब्ध करून द्यावी. ही दोन कलमे एकमेकांना छेदतात, आणि या छेदावरच गेली कित्येक दशके एसटी उभी आहे. ‘पुरेशी’ वाहतूक म्हणजे गडचिरोलीच्या किंवा अक्कलकुव्याच्या आतल्या गावात रात्री मुक्कामाला जाणारी गाडी. ‘व्यावसायिक तत्त्व’ म्हणजे ती गाडी बंद करणे.

एक हिशेब करून पाहू. यातले आकडे मी केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, तालुक्याच्या आगारातून ४० किलोमीटरवरच्या गावाला दिवसात चार एकेरी फेऱ्या होतात, म्हणजे गाडी रोज १६० किलोमीटर धावते. प्रति किलोमीटर खर्च ६० रुपये आणि उत्पन्न ३२ रुपये धरले, तर रोजचा तोटा ४,४८० रुपये आणि वर्षाचा १६ लाख ३५ हजार रुपयांच्या घरात जातो. या गाडीबाबत तीनच मार्ग आहेत. पहिला, गाडी बंद करावी. मग शाळेला जाणाऱ्या मुलींचे काय, हा प्रश्न ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत विचारला जातो. दुसरा, गाडी चालू ठेवून तोटा महामंडळाने सोसावा. तिसरा, गाडी चालू ठेवावी आणि तोट्याची भरपाई शासनाने मोजून द्यावी. स्वायत्त संस्थेच्या बाबतीत तिसरा मार्गच न्याय्य आहे, कारण निर्णय सार्वजनिक हिताचा असेल तर त्याची किंमतही सार्वजनिक तिजोरीने द्यायला हवी. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे दुसरा मार्ग चालला. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि इतर घटकांच्या तिकीट सवलतींची प्रतिपूर्ती शासन सवलतमूल्य म्हणून करते; तोट्यातल्या फेरीसाठी मात्र अशी मार्गनिहाय भरपाईची पद्धत रुजली नाही.

आता किंमत ठरवण्याचा अधिकार पाहा. व्यावसायिक तत्त्वावर चालणाऱ्या उद्योगाला आपल्या सेवेचा दर ठरवता आला पाहिजे. एसटीचा भाडेदर राज्य परिवहन प्राधिकरणाच्या मंजुरीने ठरतो आणि त्यामागे मंत्रालयाची संमती असते. परिणामी डिझेलचा दर वरचेवर बदलत असताना भाडे वर्षानुवर्षे तेच राहते आणि मग एकदम मोठी वाढ होते. २६ ऑक्टोबर २०२१पासून १७.१७ टक्क्यांची वाढ लागू झाली आणि दोनच दिवसांत संप पेटला. त्यानंतरची वाढ, १४.९५ टक्क्यांची, जानेवारी २०२५मध्ये आली. म्हणजे मधल्या तीन वर्षांहून अधिक काळ मूळ दर स्थिर होता.

वेतनाचेही तसेच. कलम ३४ राज्य शासनाला अधिकार देते की महामंडळाशी विचारविनिमय करून त्याला सर्वसाधारण सूचना द्याव्यात, आणि त्या सूचनांत भरती, सेवाशर्ती, वेतन, राखीव निधी या सर्व गोष्टी येऊ शकतात. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय महामंडळाला त्या सूचनांपासून दूर जाता येत नाही. सेवाविनियम करायचे तर त्यालाही शासनाची पूर्वमंजुरी लागते. वार्षिक अंदाजपत्रक कलम ३२ प्रमाणे शासनाकडेच मंजुरीला जाते. आणि संपाच्या काळात तर राज्याचे परिवहनमंत्री अनिल परब हेच महामंडळाचे अध्यक्षही होते. सूचना देणारा आणि सूचना घेणारा एकच असेल, तर कायद्याने मध्ये ठेवलेला ‘विचारविनिमय’ कोणी कोणाशी करायचा? ही बाब एका व्यक्तीपुरती किंवा एका पक्षापुरती नाही. त्यांच्या आधीच्या परिवहनमंत्र्यांकडेही अध्यक्षपद होते.

म्हणून स्वायत्ततेच्या मोजमापासाठी मी एक साधी कसोटी सुचवेन. संस्थेच्या संचालक मंडळाने मंत्रालयात फाइल न पाठवता कोणते निर्णय घेतले, याची यादी करावी. एसटीच्या बाबतीत त्या यादीत गाड्यांचे वेळापत्रक, आगारातील बदल्या, सुट्या भागांची खरेदी, जाहिरातींचे कंत्राट अशा गोष्टी येतात. भाडे, वेतन, सवलती आणि मोठी भांडवली खरेदी त्यात येत नाही. रोजचे काम चालवण्याची स्वायत्तता आहे. ज्या चार गोष्टींवर नफा-तोटा ठरतो त्यांबाबत ती नाही.

निधी : आत येणारा आणि बाहेर जाणारा पैसा

तोट्याच्या चर्चेत कायम सुटणारी एक बाब म्हणजे प्रवासी कर. एसटीच्या तिकिटात १७.५ टक्के प्रवासी कर असतो. प्रवाशाने मूळ भाडे १०० रुपये धरून ११७ रुपये ५० पैसे दिले, तर त्यातले साडेसतरा रुपये महामंडळाचे नसतात, शासनाचे असतात. दुसऱ्या बाजूने सवलतमूल्य शासनाकडून महामंडळाकडे येते. कर प्रवासाच्या क्षणीच देय होतो आणि सवलतीची रक्कम मात्र मागणीपत्रक, तपासणी आणि मंजुरी असे टप्पे पार करून नंतर मिळते. या दोन प्रवाहांमधल्या काळाच्या अंतरात महामंडळाची रोख आटते, आणि रोख आटली की सर्वांत आधी पुढे ढकलला जातो तो पगार, भविष्य निर्वाह निधीचा भरणा आणि पुरवठादारांची देणी. वार्षिक ताळेबंदात हे दिसत नाही. ते महिन्याच्या दहा तारखेला दिसते.

भांडवलाची कथा थोडक्यात सांगता येईल. कायद्याने केंद्र आणि राज्य दोघांनी भांडवल पुरवायचे होते. केंद्राचा वाटा रेल्वेमार्फत येत असे, तो फार पूर्वीच आटला आणि राज्यच मुख्य भांडवलदार राहिले. नफा झालाच तर राखीव निधी, प्रवाशांच्या सोयी, कामगार कल्याण वगैरे भागवून उरलेली रक्कम रस्तेविकासासाठी राज्याला द्यायची, अशीही तरतूद कायद्यात आहे. आज संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेलेला असताना हे कलम वाचले की ते लिहिणाऱ्यांच्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतले अंतर लक्षात येते.

इथे विभागीय पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक युक्तिवाद तपासला पाहिजे. एसटी शासनात गेली की तोटा संपेल, असे संपकाळात अनेकांनी म्हटले. तोटा संपत नाही, तो दिसेनासा होतो. शासकीय हिशेब रोखीच्या तत्त्वावर असतो; गाडीची झीज, म्हणजे घसारा, त्यात वर्षाचा खर्च म्हणून येत नाही. व्यवसाय करणाऱ्या विभागांनी नफा-तोटा दाखवणारे वेगळे प्रोफॉर्मा लेखे ठेवावेत अशी अपेक्षा असते, पण ते वेळेवर तयार होत नाहीत ही महालेखापालांची विविध राज्यांबाबतची जुनी तक्रार आहे. महामंडळात वर उदाहरणादाखल घेतलेल्या मुक्कामी गाडीचे १६ लाख रुपये तोट्याच्या खात्यात निदान नोंदले तरी जातात. विभागात ते इंधन, वेतन, दुरुस्ती अशा लेखाशीर्षांत विरघळून जातात आणि त्या गावाला गाडी पाठवण्याची किंमत किती, हे कोणालाच सांगता येत नाही. मला हा तोटा दिसत राहणे महत्त्वाचे वाटते, कारण जो आकडा दिसतो त्याचीच भरपाई मागता येते.

हरियाणात एसटीसारखीच बससेवा राज्याचा परिवहन विभाग स्वतः चालवतो. हरियाणा रोडवेजचे चालक-वाहक शासकीय कर्मचारी आहेत. तिथे पगाराची खात्री आहे, तरीही २०१८मध्ये ७२० खासगी गाड्या प्रति किलोमीटर दराने घेण्याच्या धोरणाविरुद्ध तिथल्या कर्मचाऱ्यांनी १८ दिवस संप केला. नव्या गाड्यांसाठी भांडवली तरतूद वित्त विभागाकडून मिळवणे ही विभागीय रचनेतली अडचण आहे आणि तिच्यातूनच खासगी गाड्यांची वाट निघते. गोव्यात कदंब परिवहन ही कंपनी कायद्याखालची सरकारी कंपनी आहे, आणि तमिळनाडूतही बससेवा सरकारी कंपन्यांमार्फत चालते. एकच काम तीन कायदेशीर रूपांत चालू शकते, आणि कोणत्याही रूपाने भाडे, सवलत व गाड्यांची खरेदी हे तीन प्रश्न सुटलेले नाहीत.

उत्तर कोणी द्यायचे

विभागाच्या बाबतीत उत्तरदायित्वाची साखळी आखूड आणि स्पष्ट असते. मंत्री सभागृहात उत्तर देतो, सचिव लोकलेखा समितीसमोर बसतो, महालेखापाल खर्चाची तपासणी करतात, आणि प्रत्येक रक्कम आधी मतदानाने मंजूर झालेली असते. महामंडळाच्या बाबतीत महालेखापालच लेखापरीक्षण करतात, वार्षिक अहवाल विधिमंडळासमोर ठेवला जातो आणि चौकशी लोकलेखा समितीऐवजी सार्वजनिक उपक्रम समिती करते. फरक असा की महामंडळाच्या खर्चावर सभागृह आधी मत देत नाही. ते नंतर, अनेकदा काही वर्षांनी, प्रश्न विचारते. एखाद्या सदस्याने आपल्या तालुक्यातील फेरी का बंद झाली असे विचारले, तर हा महामंडळाच्या दैनंदिन कारभाराचा विषय आहे असे उत्तर येऊ शकते. आणि महामंडळाला विचारले, तर भाडे आणि निधी शासनाच्या हातात आहे असे उत्तर येऊ शकते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी असतात, आणि त्यामुळेच प्रवासी मध्ये अडकतो.

न्यायालयापुढे मात्र महामंडळाला ही पळवाट नाही. वैधानिक महामंडळे घटनेच्या अनुच्छेद १२ प्रमाणे ‘राज्य’ या संज्ञेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५च्या सुखदेवसिंग प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून एसटीच्या मनमानी निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट दाखल करता येते आणि माहितीचा अधिकारही तिला लागू होतो. कर्मचाऱ्यांची स्थिती मात्र वेगळी राहते. शासकीय सेवकाला अनुच्छेद ३११ चे संरक्षण असते. एसटीच्या चालकाला ते नसते. त्याला महामंडळाचे शिस्त व अपील विनियम, कामगार कायदे आणि औद्योगिक न्यायालय यांचा आधार असतो. त्याचे वेतन वेतन आयोगाने ठरत नाही, मान्यताप्राप्त संघटनेशी झालेल्या वेतन कराराने ठरते. सेवानिवृत्तीनंतर शासकीय निवृत्तिवेतनाऐवजी भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली तुटपुंजी रक्कम मिळते. संपकाळात हजारो कर्मचारी निलंबित आणि बडतर्फ झाले, रोजंदारीवरच्यांची सेवा संपवली गेली, तेव्हा हा फरक घरोघरी पोहोचला.

समितीने काय सांगितले

उच्च न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२१मध्ये मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली गेली. दरम्यान शासनाने २४ नोव्हेंबरला सेवाकालानुसार मूळ वेतनात वाढ जाहीर केली : दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना ४,००० आणि त्याहून अधिक झालेल्यांना २,५०० रुपये. सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १२,०८० वरून १७,०८० झाले. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पगार देण्याची हमीही दिली गेली. या घोषणेनंतरही बहुसंख्य कर्मचारी परतले नाहीत, यावरून त्यांची मागणी रकमेची उरली नव्हती हे पुन्हा सिद्ध झाले.

समितीचा अहवाल ४ मार्च २०२२ रोजी विधिमंडळात मांडला गेला. महामंडळाचे शासनात पूर्ण विलीनीकरण करणे आणि कर्मचाऱ्यांना शासकीय कर्मचारी समजणे कायद्याच्या चौकटीत शक्य नाही, आणि प्रवासी वाहतुकीचा व्यवसाय शासकीय विभागामार्फत चालवणे व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष तिने काढला. त्याच वेळी कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी पुढील चार वर्षे अर्थसंकल्पातून साह्य द्यावे, अशी शिफारसही केली. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली, रुजू होणाऱ्यांवर बडतर्फीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि जवळपास सहा महिन्यांनी गाड्या पूर्ववत धावू लागल्या.

कायदेशीर अडचणीबाबत समितीचे म्हणणे निम्मे बरोबर आहे असे मला वाटते. महामंडळ केंद्रीय कायद्याखाली स्थापन झाले आहे आणि ते अवसायनात काढायचे तर केंद्राची पूर्वमान्यता लागते, हे खरे. पण महामंडळ न मोडता कर्मचारी शासनात घेण्याचा मार्ग आंध्र प्रदेशाने आधीच वापरला होता. तिथे २०१९मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला, सार्वजनिक परिवहन विभाग निर्माण केला, आणि १ जानेवारी २०२०पासून महामंडळाचे पन्नास हजारांहून अधिक कर्मचारी त्या विभागाचे शासकीय कर्मचारी झाले. गाड्या, आगारे आणि मालमत्ता महामंडळाकडेच राहिली. तेलंगणानेही २०२३मध्ये असेच विधेयक मंजूर केले. म्हणजे हे अशक्य नव्हते. महाराष्ट्राने ते केले नाही तो आर्थिक आणि धोरणात्मक निर्णय होता, आणि तो तसा मांडला असता तर चर्चा अधिक प्रामाणिक झाली असती. इतर महामंडळांचे आणि मंडळांचे कर्मचारी हीच मागणी घेऊन उभे राहतील ही भीती खरी होती. निवृत्तिवेतनाचा भार खरा होता. ही कारणे सांगण्याजोगी आहेत.

आंध्रच्या मार्गातही एक गाठ आहे. मालमत्ता महामंडळाची आणि माणसे विभागाची झाली की व्यवस्थापकाचे दोन मालक होतात. गाडी वेळेवर सुटली नाही तर जबाबदारी गाडीची का चालकाची, आणि शिस्तभंगाची कारवाई कोणत्या नियमाने, असे प्रश्न रोज उभे राहतात. कर्मचाऱ्याला खात्री मिळते, पण गाडी सुटण्याची जबाबदारी एका जागी राहत नाही.

मधली अवस्था

महाराष्ट्राने स्वीकारलेली रचना या दोहोंच्या मध्ये आहे. कायद्याने एसटी अजूनही स्वायत्त महामंडळ आहे. वेतनाचा मोठा आधार मात्र अर्थसंकल्पातून येतो. त्यात ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास या सवलती आल्या. प्रवासीसंख्या वाढली, आणि त्याबरोबर महामंडळाच्या उत्पन्नात शासनाकडून येणाऱ्या प्रतिपूर्तीचा वाटाही वाढला. प्रवाशाच्या खिशातून येणारा पैसा रोज येतो; शासनाकडून येणारा शासन निर्णय निघाल्यावर येतो. त्यामुळे निम्म्या तिकिटात भरलेली गाडी आगाराच्या रोकडीत निम्मीच दिसते आणि पगाराची तारीख पुन्हा मंत्रालयातील फाइलीला बांधली जाते.

या अवस्थेत जुना सौदा मोडला आहे आणि नवा लिहिला गेलेला नाही. विभागाला निधीची खात्री मिळते, कारण तो आधी सभागृहाची परवानगी घेतो आणि सर्व महसूल तिजोरीत भरतो. महामंडळाला खर्चाचे स्वातंत्र्य मिळते, कारण ते आपले पोट आपण भरते असे गृहीत असते. एसटीला आज विभागासारखा निधी हवा आहे आणि तो काही प्रमाणात मिळतो आहे. मात्र त्या निधीच्या बदल्यात किती किलोमीटर, कोणत्या गावांना, कोणत्या वेळेला सेवा मिळेल, हे लिहून दिलेले नाही. शासनानेही भाडे रोखून धरल्यास किंवा नवी सवलत जाहीर केल्यास त्याची किंमत किती दिवसांत देणार, हे लिहून दिलेले नाही.

हे लिहिणे अवघड नाही. आगारनिहाय प्रत्येक फेरीचा प्रति किलोमीटर खर्च आणि उत्पन्न महामंडळाकडे असते. विभाग नियंत्रकाच्या टेबलावर तो तक्ता दर महिन्याला येतो. त्यातून सामाजिक गरजेच्या म्हणून घोषित करायच्या फेऱ्या निवडता येतात, त्यांची वार्षिक भरपाई काढता येते, आणि ती रक्कम परिवहनाच्या मागणीत वेगळ्या लेखाशीर्षाखाली, वेतन-साह्यापासून निराळी, विधिमंडळासमोर ठेवता येते. सवलतमूल्य दर महिन्याला आगाऊ देऊन वर्षअखेरीस हिशेब जुळवता येतो. किंवा देय प्रवासी करातूनच ते वळते करून घेण्याची मुभा देता येते, म्हणजे एकाच तिकिटावरचे पैसे आधी मंत्रालयात जाऊन मग परत येण्याचा फेरा वाचतो. अध्यक्षपद मंत्र्याकडे न ठेवता संचालक मंडळाला किमान भाड्याच्या सूत्रापुरता निर्णयाधिकार दिला, तर कलम ३४ मधल्या विचारविनिमयाला दुसरी बाजू मिळेल. या तिन्ही गोष्टींसाठी १९५०च्या कायद्यात दुरुस्ती लागत नाही. शासनाचा निर्णय आणि अर्थसंकल्पातली एक वेगळी ओळ पुरते.

संपातल्या चालकाने शासकीय कर्मचारी म्हणवून घेण्याची मागणी केली तेव्हा त्याला हवी होती ती दर महिन्याला पगाराची खात्री, निवृत्तीनंतरचा आधार आणि बडतर्फीपासून संरक्षण. पहिली गोष्ट निधीच्या रचनेतून मिळू शकते, दुसरी वेगळ्या निवृत्तिवेतन योजनेतून, तिसरी सेवाविनियमांतून, आणि या तीन गोष्टींपैकी एकीसाठीही बसआगाराला सचिवालयाची शाखा बनवावे लागत नाही. समितीच्या शिफारशीतून त्याला पहिली गोष्ट मिळाली, तीही चार वर्षांच्या मुदतीने. उरलेल्या दोन गोष्टींवर अहवालाने ठोस रचना पुढे ठेवली नाही, आणि विलीनीकरणाची मागणी एसटीच्या आगारांत अजूनही जिवंत असण्याचे कारण तेच आहे.